आमचा जिल्हा शेवटून पहिला

गेल्या वर्षी माझ्या मिझोरामच्या पोस्टिंगचा हुकूम आला, तेव्हा दोन दिवसांत दोन निरोप आले. पहिला कोर्समेटचा. एनडीएत आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो, त्यामुळे प्रस्तावना वगैरे काही नाही. "अरे, ऐझॉल म्हणजे देशाची कॅन्सर राजधानी आहे. तू जा, पण फॅमिली नेऊ नकोस. पाण्यात काहीतरी आहे तिथल्या."

दुसरा निरोप आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. कुठल्याशा बातमीचं कात्रण आणि त्याखाली चुलतभावाची ओळ: "देशात सर्वांत कमी कॅन्सर बीड-उस्मानाबादला! आपली ज्वारीची भाकरी, आपली हवा!" खाली पंधरा-वीस अंगठे.

मी केज तालुक्यातला. म्हणजे ज्या जिल्ह्यातून निघालो तो यादीत शेवटून पहिला आणि जिथे निघालो तो वरून पहिला. दोन्ही आकडे खरे आहेत, हे आधी सांगतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली आलेला अहवाल २०१२ ते २०१६ या वर्षांचा आहे. त्यात पुरुषांचा दर ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे वर्षाला २६९.४, तर उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि बीड मिळून ३९.५. जवळजवळ सातपट फरक.

सौभाग्यवती म्हणाली, "अहो, सातपट म्हणजे थोडं नाही. मुलांना घेऊन यायचं की नाही ते नीट बघून सांगा." नीट बघणं भाग होतं. शिवाय त्या ३९.५ मध्ये माझं स्वतःचं काहीतरी अडकलेलं होतं. ते पुढे येईलच.

आधी हा आकडा कसा बनतो ते पाहू. लाखामागे किती रुग्ण, एवढंच ते नाही. तो ढोबळ दर: वर्षभरात सापडलेले नवे रुग्ण भागिले लोकसंख्या. यादीत छापलेला आकडा वय-प्रमाणित दर आहे, आणि हे 'वय-प्रमाणित' प्रकरण मला पुस्तकातून नव्हे तर एका सुभेदार साहेबांकडून कळलं होतं.

कॅप्टन असताना मी एका डेपोत होतो. तिथे पहाऱ्याला डीएससीची प्लॅटून होती. नागरी वाचकांसाठी सांगतो, डीएससी म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. यातले बहुतेक जवान एकदा पेन्शन घेऊन पुन्हा भरती झालेले, म्हणजे चाळिशी-पन्नाशीचे. शेजारीच एक पायदळाची कंपनी होती, सगळी पोरं पंचविशीतली. मी रोज दोघांचा सिक रिपोर्ट बघायचो आणि डीएससीत टक्केवारी दुप्पट दिसायची. एकदा मी सुभेदार साहेबांना बोललो, की तुमच्याकडे कामचुकार जास्त दिसतात. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, माझ्या पन्नाशीच्या माणसाची तुलना त्यांच्या पन्नाशीच्या माणसाशी करा." त्यांच्याकडे पन्नाशीचा माणूस एकच होता, कंपनीचे सीनियर जेसीओ, आणि ते गुडघ्यासाठी महिन्यातून दोनदा एमआय रूमला जायचे. मी गप्प बसलो.

कॅन्सर हा मुख्यतः वाढत्या वयाचा आजार आहे. म्हणून ज्या जिल्ह्यात म्हातारी माणसं जास्त, तिथे ढोबळ दर आपोआप वर जातो. पाणी, हवा, भाकरी काहीही असो. तुलना करायची तर वयानुसार गट पाडून करावी लागते. ती कशी करतात ते दोन काल्पनिक जिल्ह्यांवर मांडतो. आकडे समजावण्यापुरते सोपे घेतले आहेत.

दोन्ही जिल्ह्यांत माणसं एकेक लाख. पहिला तरुण: पंचेचाळिशीच्या आतले ८०,०००, पंचेचाळीस ते चौसष्टचे १५,०००, त्यापुढचे ५,०००. दुसरा वयस्क: अनुक्रमे ६५,०००, २३,००० आणि १२,०००. समजा पहिल्या जिल्ह्यात या तीन गटांत लाखामागे ३०, ४०० आणि १,००० जणांना दरवर्षी कॅन्सर होतो. दुसऱ्यात २०, ३०० आणि ८०० जणांना. म्हणजे प्रत्येक वयाला पहिल्या जिल्ह्यातच धोका जास्त आहे.

आता रुग्ण मोजा. पहिल्यात २४ अधिक ६० अधिक ५०, एकूण १३४. दुसऱ्यात १३ अधिक ६९ अधिक ९६, एकूण १७८. ढोबळ दराने बातमी लिहिली तर दुसरा जिल्हा 'राजधानी' ठरेल आणि ती बातमी पूर्ण उलटी असेल.

म्हणून एक तिसरीच, कागदावरची लोकसंख्या घेतात आणि दोन्ही जिल्ह्यांचे दर तिला लावून बघतात. जगभर या कामाला जी प्रमाण लोकसंख्या वापरतात ती सेगी या जपानी संशोधकाने १९६० साली सुचवली आणि डॉल व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये थोडी दुरुस्त केली. तिच्यात शंभरातले ७४ जण पंचेचाळिशीच्या आतले, १९ जण पंचेचाळीस ते चौसष्टचे आणि ७ जण त्यापुढचे. प्रत्यक्षात गट पाच-पाच वर्षांचे असतात, मी तीनच केले आहेत. पहिल्या जिल्ह्याचे दर या वजनांनी गुणा: २२.२ अधिक ७६ अधिक ७०, म्हणजे १६८.२. दुसऱ्याचे: १४.८ अधिक ५७ अधिक ५६, म्हणजे १२७.८. आता क्रम सरळ झाला.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या निघतात. एक, १६८.२ ही रुग्णांची संख्या नाही. पहिल्या जिल्ह्यात खरे रुग्ण १३४ च आहेत. किती खाटा, किती डॉक्टर लागतील हे ठरवायचं तर १३४ हाच आकडा उपयोगाचा. वय-प्रमाणित दर फक्त तुलनेसाठी. दुसरी, दोन दर शेजारी ठेवताना प्रमाण लोकसंख्या एकच आहे ना, ते बघायचं. अमेरिका आपल्या घरच्या अहवालात स्वतःची २००० सालची लोकसंख्या वापरते, जी सेगीपेक्षा वयस्क आहे. त्या हिशोबाने त्यांचा दर सुमारे ४४० येतो. जागतिक प्रमाणाने त्याच देशाचा दर सुमारे ३६० दिसतो. फरक मुख्यतः मोजपट्टीचा.

मिझोराम तरुण राज्य आहे. त्यामुळे ऐझॉलचा दर वय काढून टाकल्यावर कमी होत नाही, उलट वाढतो. थोडक्यात, कोर्समेटची बातमी या परीक्षेत पास झाली. ऐझॉलच्या पुरुषांना खरोखरच त्याच वयाच्या इतर भारतीयांपेक्षा जास्त कॅन्सर होतो. पण 'पाण्यात काहीतरी आहे' हे कुठून आलं?

आमच्या बटालियनचे डॉक्टर, तरुण कॅप्टन, यांच्याशी यावर बोललो. ते म्हणाले, "सर, एकूण आकडा बघू नका. कुठल्या अवयवाचा ते बघा." ऐझॉलच्या पुरुषांत पहिला नंबर जठराच्या कॅन्सरचा आहे. तंबाखूविषयीच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, मिझोराममध्ये ५८.७ टक्के. इथे तंबाखू ओढतात, खातात, आणि पितातही. तुइबुर नावाचं तंबाखूच्या धुरातून काढलेलं पाणी तोंडात धरतात. धुरावलेलं आणि आंबवलेलं मांस जेवणात असतं. तुइबुर आणि जठराचा कॅन्सर यांचा संबंध इथल्या रुग्णांच्या अभ्यासात दिसलेला आहे. म्हणजे 'पाण्यात काहीतरी आहे' हे एका अर्थी खरंच, पण ते पाणी नळाला येत नाही. दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या, तंबाखू न घेणाऱ्या कुटुंबाला जिल्ह्याचा सरासरी दर चिकटत नाही. दर जिल्ह्याच्या हवेतून येत नाही, तिथे जन्मभर जगलेल्या माणसांच्या सवयींतून आणि वयांतून येतो.

तुलनेसाठी अजून एक. जगात सर्वांत वरचा दर ऑस्ट्रेलियाचा आहे, २०२२ च्या जागतिक अंदाजात स्त्री-पुरुष मिळून सुमारे ४६२. आपली 'राजधानी' त्याच्या खूप खाली आहे, आणि तरी लोक मुलांना ऑस्ट्रेलियाला आनंदाने पाठवतात.

आता आमच्या ३९.५ कडे येतो.

नोंदणी म्हणजे काय, हे मला नोकरीच्या भाषेत समजलं: ती परेड स्टेट आहे. पण इथे माणसं रांगेत येऊन उभी राहत नाहीत. देशपातळीवर कॅन्सर हा कळवणं सक्तीचं असलेला आजार नाही. काही राज्यांनी आपापल्यापुरती सक्ती केली आहे, पण बहुतेक ठिकाणी नोंदणीचे कर्मचारी स्वतःच रुग्णालयं, पॅथॉलॉजी लॅब आणि जन्म-मृत्यू कार्यालयं फिरतात. प्रत्येक रुग्णाचा फॉर्म भरतात. एकच रुग्ण तीन ठिकाणी दाखवून आलेला असतो, म्हणून नाव, वय, पत्ता जुळवून त्याला एकदाच मोजतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारतात: तुम्ही या भागात किती काळ राहता? किमान एक वर्ष राहत असाल तरच तुम्ही या नोंदणीचे. उपचारासाठी आलेला माणूस त्याच्या मूळ जिल्ह्यात मोजायचा.

२०१४ साली माझ्या वडिलांना, अण्णांना, गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर झाला. आयुष्यभर तंबाखू-चुना. मी तेव्हा सीमेवर होतो. धाकट्या भावाने त्यांना पुण्याला नेलं. एका रुग्णालयात नाव घालताना खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "इथला पत्ता लिहा, पुढचं सोपं जातं." भावाने स्वतःच्या फ्लॅटचा पत्ता लिहिला. किती वर्षं राहता, असं कोणी विचारलं नाही. अण्णा सात महिने पुण्यात होते, आणि त्याआधी सत्तर वर्षं केज तालुक्यात.

पुण्याचीही स्वतःची नोंदणी आहे. अण्णांचा फॉर्म तिथे गेला असेल, तर ते पुण्याच्या दरात आहेत. २०१२ ते २०१६. म्हणजे ज्या ३९.५ वर भावकीचे पंधरा-वीस अंगठे पडले होते, त्यात माझे वडील बहुधा नाहीत.

आणि आत्याबाई तर कुठेच नाहीत. अण्णांच्या थोरल्या बहिणीला साठीनंतर पुन्हा अंगावरून जायला लागलं. दोन वर्षं कुणाला बोलल्या नाहीत. मग पोट फुगलं, खाणं सुटलं, घरीच गेल्या. तपासणी नाही, तुकडा काढला नाही. ग्रामपंचायतीत कारण लागलं 'वृद्धापकाळ'. त्यांना कॅन्सरच होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि नेमकं हेच नोंदणीचंही दुखणं आहे. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम एक पंचमांश मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं असतं. जो आजार कुणी ओळखलाच नाही, त्याला कितीही प्रामाणिक नोंदणी मोजू शकत नाही. ज्या चौकीवर नर्सिंग असिस्टंट नसतो, तिथला सिक रिपोर्ट नेहमी शून्य असतो. त्या शून्याला कुठलाही सीओ तब्येत म्हणत नाही.

इथे एक अन्याय होऊ नये म्हणून लिहितो. आमच्या भागातलं नोंदणीचं काम हलकं नाही. देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आमच्या शेजारी बार्शीला १९८७ मध्ये सुरू झाली. तिथले कार्यकर्ते रुग्णालयात वाट बघत बसले नाहीत. गावोगाव जाऊन, लोकांना लक्षणं सांगून, संशयित माणसांना तपासणीला आणून त्यांनी मोजदाद केली. खेड्यात कॅन्सर मोजता येतो हे देशाला त्यांनी दाखवलं. शिवाय आमच्याकडे दर काही अंशी खरोखरच कमी असणार. लवकर लग्नं, जास्त मुलं, या गोष्टींनी स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण खाली राहतं, हे जगभर दिसलेलं आहे. पण ३९.५ मधलं किती 'नाही' आणि किती 'सापडलं नाही', हे एका आकड्यावरून वेगळं करता येत नाही.

मग अंदाज तरी कसा बांधायचा? डॉक्टरांनी मला अहवालातलं एक कोरडं पान दाखवलं, जे बातमीत कधी येत नाही. त्यात प्रत्येक नोंदणीची तब्येत लिहिलेली असते. किती टक्के रुग्णांचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं झालं? हा आकडा फार कमी असेल तर निदानं कच्ची. पण जवळजवळ शंभर असेल तरी शंका घ्या, कारण मग नोंदणी फक्त लॅबमध्ये फिरते आहे आणि ज्यांचा तुकडा काढला नाही ते सुटताहेत. किती रुग्ण फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळले? फार असतील तर जिवंतपणी हुकले. एकही नसेल तर बहुधा मृत्यूची नोंदवही नीट जुळवलीच नाही. आणि मृत्यू भागिले नवे रुग्ण हे गुणोत्तर. मृत्यू रुग्णांपेक्षा जास्त दिसले तर समजा, माणसं आजारी म्हणून मोजलीच गेली नाहीत, मेल्यावर सापडली. फारच कमी दिसले तर दोन अर्थ: उपचार उत्तम, किंवा मृत्यू नोंदवले जात नाहीत. कुठला, ते त्या जिल्ह्यातलं रुग्णालय किती लांब आहे यावरून बऱ्यापैकी कळतं.

शेवटची बातमी, जी दरवर्षी येते: 'देशात कॅन्सर १२ टक्क्यांनी वाढणार.' त्याच अहवालात २०२० साठी सुमारे १३.९ लाख नवे रुग्ण आणि २०२५ साठी सुमारे १५.७ लाख असा अंदाज होता. त्यातून ही ओळ निघाली. आमच्या काल्पनिक तरुण जिल्ह्याकडे परत चला. त्याचे दर तसेच ठेवा, ३०, ४०० आणि १,०००. फक्त माणसं म्हातारी होऊ द्या, म्हणजे लोकसंख्येची रचना दुसऱ्या जिल्ह्यासारखी करा. रुग्ण होतात १९.५ अधिक ९२ अधिक १२०, म्हणजे जवळपास २३१. होते १३४. कुणाचाही धोका तसूभर वाढला नाही, तरी रुग्ण सत्तर टक्क्यांहून अधिक वाढले. वय-प्रमाणित दर मात्र १६८.२ वरच. रुग्णसंख्येच्या अंदाजातली वाढ मोठ्या प्रमाणात अशीच असते: लोक वाढले आणि जास्त जगले. ही वाढ खोटी नाही. त्या माणसांना खाट लागणारच आहे. पण 'हल्लीच्या खाण्यामुळे' हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी एकाच भागाचा, एकाच अवयवाचा, वय-प्रमाणित दर दहा-वीस वर्षं वर चढताना दाखवावा लागतो.

घरच्यांना मी इथे बोलावलं. मुलं डोंगरावरच्या शाळेत रमली. बटालियनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी डॉक्टर आता प्रत्येकाला तोंड उघडायला लावतात आणि टॉर्चने गालाच्या आत बघतात. रजेवर निघालेल्या ज्या जवानाच्या घरी रुग्ण आहे, त्याला मी एक वाक्य जास्त सांगतो: रुग्णालयाच्या फॉर्मवर पाहुण्याचा पत्ता लिहू नकोस, गावाचा लिही.

मागच्या सुट्टीत आईला बार्शीला नेलं. ती लहानपणापासून मिश्री लावते, आणि हिरडीजवळ एक पांढरा डाग होता. ती निघायला तयार नव्हती. "मला काय धाड भरलीय?" म्हणाली. गाडीत बसेपर्यंत आत्याबाईंचं नाव दोघांनीही काढलं नाही. डाग साधा निघाला, मिश्री बंद करायला सांगितलं. म्हणजे ती कुठल्याच दरात नाही, आणि या वेळी ते तपासून नाही.

नाव घालणाऱ्या मुलीने पत्ता विचारला तेव्हा मी तोंड उघडणार, तोच आईने गाव, तालुका, जिल्हा सगळं खणखणीत सांगितलं. मुलीने विचारलं, "किती वर्षं राहता, आजी?"

"लग्न झाल्यापासून," आई म्हणाली. "लिहा, एकोणसाठ."